कथा : पाटी नसलेली आळी (शेवट पटतो का, ते सांगावे)

नीराकाठ

बऱ्याच दिवसांनी एक छोटी कथा लिहिली आहे. घटना २०२३ च्या पावसाळ्यातली आहे आणि जागा पुण्यातली कसबा पेठ आहे. शेवटाविषयी माझ्या मनात शंका आहे, म्हणून आधी कथा देते आणि प्रश्न खाली विचारते.

*स्टेशनबाहेर पडल्यावर वंदनाने छत्री उघडली, पण दौंडहून भिजतच आलेली ती छत्री आता नुसती शोभेची उरली होती. पर्समध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद होते आणि त्यांवर आज रात्रीपर्यंत मावशीची सही हवी होती. रिक्षावाला म्हणाला, "पेठेत आत जायचं असेल तर दुसरं कुणीतरी बघा." तेवढ्यात मागून एक म्हातारे गृहस्थ आले. त्यांच्या दोन्ही हातांत गोणपाटात बांधलेले काहीतरी जड होते. ते न विचारताच आत बसले आणि मग म्हणाले, "बाई, तुम्हीही बसा. या पावसात दुसरी मिळायची नाही."*

*मालधक्क्याच्या बाजूला पाणी साचले होते, म्हणून रिक्षा दारूवाला पुलाकडून निघाली. बाजूचे ताडपत्रीचे पडदे सोडलेले असल्यामुळे बाहेरचे काहीच दिसत नव्हते. बऱ्याच वेळाने गृहस्थांनी विचारले, "तुम्हाला कुठे जायचं?"*

*"तांबट आळी."*

*"अरे! मलाही तिथेच."*

*"मग तुम्हाला रस्ता माहीत असेल," असे म्हणून वंदना प्रथमच सैल होऊन बसली.*

*"वीस वर्षांपूर्वी माहीत होता. कोपऱ्यावर एक वाडा होता आणि त्याच्या ओट्यावर पिंप होतं. त्या पिंपाला वळसा घातला, की आळी."*

*रिक्षावाला हडपसरचा होता. त्याने तीन वेळा थांबून माणसे विचारली. एकाने डावीकडे हात केला, दुसऱ्याने "पुढे मंडळापाशी विचारा" असे सांगितले आणि तिसरा स्वतःच पावसात अडकलेला पाहुणा निघाला. मंडळापाशी पोचल्यावर मंडळाच्या पाटीवर पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फलक लावलेला आढळला. वंदना सात वर्षांची असताना एकदा इथे येऊन गेली होती. तिला घराचा नंबर पाठ होता, पण आधीच्या दारावर चारशेचा आकडा होता आणि नंतरच्या दारावर सातशेचा.*

*"इंजिन बंद करा," ती एकाएकी म्हणाली.*

*इंजिन बंद झाले. टपावर पाऊस आपटत होता. त्याखालून, दुरून, एका लयीत काहीतरी वाजत होते : टण, टण, टण. तांब्यावर पडणारा हातोडा. लहानपणी मावशीकडे दुपारी झोप न येण्याचे तेच कारण होते.*

*"तिकडे," दोघे एकदमच म्हणाले.*

*आवाजाच्या रोखाने रिक्षा वळली आणि दोन मिनिटांत आळीच्या तोंडाशी उभी राहिली. मीटरवर ४० रुपये झाले होते. गृहस्थांनी हट्टाने २० रुपये काढून दिले आणि गोणपाट उचलले. आत बंब होता. "बायकोचा आहे," ते म्हणाले. "तळातून गळतो. ती गेल्यापासून तसाच पडून होता." मग ते आवाजाच्या दिशेने चालू लागले. वंदनाने त्यांचे नाव विचारले नाही.*

माझा प्रश्न असा आहे : इतक्या पावसात आवाजावरून आळी सापडणे पटते का? की ही केवळ लेखिकेची सोय वाटते?

वाचनवेडा

कथा आवडली. पडद्यामुळे बाहेरचे दिसत नाही आणि म्हणून कानांवर भिस्त येते, ही जुळणी चांगली साधली आहे. मला खटकला तो "अरे! मलाही तिथेच" हा क्षण. दोन अनोळखी माणसे एका रिक्षात बसतात आणि दोघांनाही नेमक्या त्याच आळीत जायचे असते, हे वाचताना मी थोडा थबकलो.

खडूस

आवाजाचे नंतर बघू. २०२३ मध्ये या बाईकडे फोन नव्हता का? नकाशा उघडला असता तर कथा चार ओळींत संपली असती.

मीटरडाऊन

खडूस, ओल्या बोटांनी ओल्या काचेवर नकाशा चालवून पाहा. काचेवर थेंब पडले, की फोन त्यांनाही बोटेच समजतो आणि नकाशा आपोआप कुठेतरी सरकतो. शिवाय नुसता घरनंबर आणि "कसबा पेठ" एवढेच टाकले, तर पुष्कळदा खूण पेठेच्या मधोमध कुठेतरी पडते. ही तक्रार मी वडिलांकडून रोज ऐकतो. त्यांनी पुण्यात सव्वीस वर्षे रिक्षा चालवली.

मात्र लेखिकेचा हिशेब साफ चुकला आहे. सप्टेंबर २०२२ पासून पुण्यात पहिल्या दीड किलोमीटरला २५ रुपये आणि पुढच्या प्रत्येक किलोमीटरला १७ रुपये असा दर होता. स्टेशनपासून ती आळी अडीच किलोमीटरच्या आसपास धरली, तर सरळ गेल्यास ४२ रुपये होतात. तुमची माणसे तर आधी फिरून गेली आणि नंतर भटकली. दीड किलोमीटर वाढला असे समजा. एकूण चार किलोमीटर म्हणजे २५ अधिक अडीच गुणिले १७, म्हणजे साडेसदुसष्ट रुपये. त्यात तीन वेळा थांबून विचारपूस केली आणि इंजिन बंद करून ऐकत बसले, त्या थांबण्याचे पैसे मीटर वेगळे धरतो. चाळीस रुपयांत ही सफर घडवणारा रिक्षावाला मला दाखवा, मी वडिलांना त्याच्या पाया पडायला पाठवतो.

आणखी एक गोष्ट. इंजिन बंद केले तरी मीटर चालूच राहतो. हडपसरचा असो की हडप्पाचा, रिक्षावाला हे विसरणार नाही. बाई "इंजिन बंद करा" म्हणाल्यावर त्याने एकदा मीटरकडे आणि एकदा तिच्याकडे पाहिले असते. ती नजर कथेत हवी होती.

नीराकाठ

मीटरडाऊन, भाड्याची चूक मान्य आहे. मी ४० हा आकडा केवळ निम्मा करायला सोपा म्हणून घेतला होता. नजरेचे सुचवल्याबद्दल आभार.

वाचनवेडा, योगायोगाविषयी मीही साशंक होते, पण दोघांना वेगवेगळ्या ठिकाणी पाठवले तर शेवट हातातून जातो.

कल्याणी_ब

कथा छान आहे. माझ्याकडे आईची पितळेची चार पातेली आणि एक तपेले आहे, त्यांची कल्हई पूर्ण गेली आहे. तांबट आळीत कल्हई करून मिळते का? साधारण किती दिवस लागतात?

खडूस

कल्याणीताई, हा कथेचा धागा आहे. तरीही तुमचा प्रश्न माझ्या प्रश्नापेक्षा उपयोगी आहे, हे कबूल करतो.

सदानंद_नागपूर

मला कथेतले घरनंबरांचे वाक्य अवास्तव वाटले. चारशेच्या शेजारी सातशे कसे येतील? महापालिका नंबर देते तेव्हा रस्त्याच्या एका बाजूला सम आणि दुसऱ्या बाजूला विषम असे क्रमाने देते. आमच्याकडे नव्या वसाहतीत तसेच आहे.

पेठकर

सदानंदजी, नव्या वसाहतींच्या बाबतीत तुमचे म्हणणे बरोबर असेल. पेठांमधले जुने पत्ते मात्र सिटी सर्व्हेच्या नंबरांवर चालतात आणि ते नंबर जमिनीच्या तुकड्यांचे असतात, दारांचे नव्हे. मोजणी ज्या क्रमाने झाली त्या क्रमाने आकडे पडले. पुढे वाड्यांच्या वाटण्या झाल्या, इमारती उठल्या, काहींनी जुना नंबर ठेवला तर काहींनी दोन्ही लिहिले. चारशेनंतर सातशे दिसले, तर येथील माणूस एवढेच समजतो, की आपण बोळ ओलांडून दुसऱ्या बाजूला आलो.

मी कसब्यातच वाढलो, म्हणून आता मूळ प्रश्नाकडे येतो. पावसात आवाज ऐकू येतो का? येतो. आवाजावरून आळी सापडते का? इतक्या सहज सापडत नाही.

तांब्यावरच्या हातोड्याचा आवाज तीक्ष्ण असतो आणि त्याला ठरावीक लय असते. पावसाच्या एकसुरी आवाजात लय असलेली गोष्ट कान बरोबर वेचतो. अडचण दिशेची आहे. आमच्याकडचे बोळ अरुंद आहेत आणि दोन्ही बाजूंना उंच भिंती आहेत. आवाज समोरच्या भिंतीवर आपटून परत येतो आणि डावीकडचे काम उजवीकडे चालू आहे असे वाटते. शाळेत असताना आम्ही पाहुण्यांना मुद्दाम विचारायचो, "ओळखा, कुठे वाजतंय?" नवा माणूस बहुतेक वेळा उलट बाजूला बोट दाखवायचा. तेव्हा तुमच्या कथेतल्या दोघांनी एकदमच "तिकडे" म्हणणे मला चालेल, पण ते "तिकडे" चुकलेले असायला हवे.

दुसरी गोष्ट. २०२३ मध्ये फडके हौदाच्या परिसरात मेट्रोच्या कामाचे पत्रे लागलेले होते. दारूवाला पुलाकडून आत येणारी रिक्षा त्या पत्र्यांशी अडून वळली असती. तुमची मंडळी चुकण्याचे ते आयते कारण आहे, ते वाया घालवू नका. नागझरीचा उल्लेखही करता येईल. स्टेशनकडून कसब्यात कोणत्याही बाजूने या, नागझरी ओलांडावीच लागते, आणि जोराच्या पावसात आमच्याकडचे जुने लोक आधी तिच्याविषयीच विचारतात.

इंद्रायणी

पेठकरांचा प्रतिसाद वाचून मला उलटेच वाटू लागले. आवाज फसवतो, हे खरे असेल, पण कथेने वास्तवाची इतकी ताबेदारी का करावी? वाचकाला भिंतींचा प्रतिध्वनी मोजायचा नसतो. सात वर्षांच्या मुलीच्या झोपमोडीचा आवाज तिला तीस वर्षांनी दारापर्यंत नेतो, एवढे मला पुरेसे आहे.

वाचनवेडा

इंद्रायणी, मी थोडा असहमत आहे. आवाज त्यांना फसवतो असे झाले, तर दोघांना पुन्हा एकमेकांशी बोलावे लागेल. सध्याच्या मसुद्यात "तिकडे" म्हटल्यावर दोघांचे एकमेकांशी काम संपते. येथे वास्तव कथेच्या आड येत नाही, उलट तिला आणखी एक पान देते.

योगायोगावरही एक उपाय सुचतो. दोघांनाही तांबट आळीत जायचे आहे हे रिक्षात बसल्यावर कळते, म्हणून तो योगायोग वाटतो. तेच रिक्षात बसण्याआधी घडवा. स्टेशनवर ती रिक्षावाल्याला "तांबट आळी" म्हणते, तो नकार देतो, मागे उभे असलेले गृहस्थ ते ऐकतात आणि म्हणून पुढे होतात. एकाच ठिकाणी जायचे आहे हेच एकत्र बसण्याचे कारण झाले, तर वाचक प्रश्न विचारणार नाही. शिवाय पेठेत जायला नाखूश असलेला रिक्षावाला दोघांना मिळून का तयार झाला, तेही सुटते.

मीटरडाऊन

ते कसे सुटते? भाडे तर तेवढेच मिळणार. दोन अनोळखी प्रवाशांकडून वेगवेगळे पैसे घ्यायचे असतील, तर ठरलेल्या मार्गावरची शेअर रिक्षा लागते. येथे मीटर आहे, म्हणजे भाडे एकच आणि निम्मे-निम्मे करायचे ते त्यांनी आपसात. तो तयार होतो कारण म्हाताऱ्याने गोणपाट आधीच आत ठेवलेले असते आणि ते बाहेर काढायला सांगण्याचा धीर त्याला होत नाही. माझे वडील असेच फसायचे.

दूरदेशी

मी सध्या मस्कतला असतो आणि येथे असा पाऊस पडला तर सगळे शहर सुट्टी घेते. माझे आजोळ कसब्यात होते. आमच्या आळीला पाटी होती, पण ती एका घराच्या भिंतीवर होती. घर पाडले आणि पाटीही गेली. नव्या इमारतीला स्वतःचे नाव आले, आळीला मात्र नाव उरले नाही. गावाहून पत्ता विचारत येणाऱ्यांना आम्ही एकच सांगायचो : दुकानाच्या पाटीवरची शेवटची ओळ वाचा, दुकानदार तिथे पूर्ण पत्ता लिहितो. पण पावसात दुकानदार पाटीवरच ताडपत्री टाकतो, तेव्हा वंदनाला तो मार्गही बंदच होता.

गृहस्थांचे ओट्यावरचे पिंप मला फार आवडले. माणसे खुणा सांगताना हलवता येणाऱ्या वस्तू का सांगतात, हे मला आजवर कळलेले नाही.

पेठकर

काल रात्री पुन्हा वाचली आणि एक महत्त्वाची गोष्ट राहून गेल्याचे जाणवले. तुमचा हातोडा अखंड वाजतो. तो कशावर वाजतो आहे, हे तुम्ही ठरवले आहे का?

मठारण्याचे काम चालू असेल, तर लय एकसारखी आणि अखंड राहते. भांडे तयार झाल्यावर गुळगुळीत हातोड्याने शेजारी शेजारी ठोके देत सगळ्या अंगावर चकाकणाऱ्या टिकल्या उठवतात. त्याने भांडे कडकही होते आणि म्हणूनच त्यानंतर ते पुन्हा आगीत घालत नाहीत. पण पत्र्याला आकार देण्याचे काम वेगळे. ठोकता ठोकता तांबे कडक होत जाते. तसेच ठोकत राहिले तर ते तडकते. म्हणून कारागीर मध्येच थांबतो, भांडे भट्टीत लालसर तापवतो, मऊ करून घेतो आणि पुन्हा बसतो. त्या वेळात आवाज नसतो. आळीत राहणाऱ्याला कोणते काम चालले आहे ते न बघता कळते. आकार देतानाचा ठोका थोडा बसका आणि तुटक असतो, मठारण्याचा मोकळा.

एक सावधगिरीही सांगतो. पूर्वी घरोघर काम चालायचे, तेव्हा आळीत शांतता हीच बातमी असायची. आता काम करणारी घरे कमी झाली आहेत. पावसाळी संध्याकाळी आवाज हमखास येईल, असे मी म्हणणार नाही. सण जवळ आले असतील आणि काम तुंबले असेल, तर येईल.

नीराकाठ

पेठकर, हे वाचून मी कितीतरी वेळ नुसती बसून राहिले. आवाज मध्येच थांबतो, हे मला माहीतच नव्हते. लहानपणी ऐकलेल्या आवाजातले थांबे माझ्या आठवणीतून गळून गेले होते. शेवट पुन्हा लिहिला आहे. दोघांचे ठिकाण आता स्टेशनवरच कळते आणि मेट्रोचे पत्रेही आले आहेत. इंजिन बंद झाल्यानंतरचा भाग असा आहे :

*रिक्षावाल्याने मीटरकडे पाहिले, मग वंदनाकडे, आणि इंजिन बंद केले.*

*टण, टण. मग जरा थांबून पुन्हा टण.*

*"उजवीकडे," दोघे एकदमच म्हणाले. उजवीकडच्या बोळाच्या टोकाला भिंत होती आणि भिंतीवर एक बंद खिडकी. रिक्षा मागे घ्यावी लागली. पुन्हा इंजिन बंद केले, तेव्हा आवाज नव्हता.*

*"गेला," रिक्षावाला म्हणाला. "दुकान बंद केलं त्यांनी. ताई, मी तुम्हाला परत स्टेशनला सोडू का?"*

*"थांबा," गृहस्थ म्हणाले. त्यांनी गोणपाटावर हात ठेवला होता. "काम आगीत गेलंय. तांबं ठोकून कडक झालं, की तापवायला घेतात. पुन्हा सुरू होईल."*

*"कशावरून?"*

*"आमच्या लग्नातला बंब मी इथे बसून करून घेतला होता. चार दिवस येत होतो. प्रत्येक वेळी आवाज थांबला, की मला वाटायचं झाला तयार."*

*मीटर एका रुपयाने पुढे सरकला. रिक्षावाल्याने तो पाहिला आणि काही बोलला नाही. ताडपत्रीच्या कडेने पाणी वंदनाच्या गुडघ्यावर गळत होते, तरी ती हलली नाही. मीटरवर ७४ झाले, ७५ झाले. मग पावसाखालून पहिला ठोका आला आणि या वेळी कुणीच दिशा सांगितली नाही. तिघेही दुसऱ्या ठोक्याची वाट पाहत राहिले.*

येथेच थांबवावे असे वाटते. आळी सापडल्याचे लिहिलेले नाही.

इंद्रायणी

मला पहिला शेवट अधिक जवळचा होता. "बायकोचा आहे" हे वाक्य गेल्याचे वाईट वाटले. तो दुखरा धागा आता लग्नातल्या बंबापाशी थांबतो आणि ती गेल्याचे आपल्याला कळतच नाही.

वाचनवेडा

मला ते कळले. वीस वर्षे न आलेला माणूस लग्नातला बंब घेऊन एवढ्या पावसात एकटा निघतो. पण कदाचित मी आधीचा मसुदा वाचला आहे म्हणून कळले असेल. एखाद्या नव्या वाचकाला विचारून पाहायला हवे.

मीटरडाऊन

७५ हा आकडा पटतो. वडिलांना वाचून दाखवले. ते म्हणाले, रिक्षावाला परत स्टेशनला सोडू का विचारतो ते खरे आहे, फक्त तो परतीचे भाडे आधी सांगेल.

खडूस

मी आता फोनविषयी काही म्हणत नाही. मात्र तिच्या पर्समधल्या कागदांचे काय झाले? रात्रीपर्यंत सही हवी होती.

नीराकाठ

खडूस, कागदांचा विचार मी केलाच नव्हता. बहुधा ते काढूनच टाकावे लागतील, किंवा तिने ते एकदा चाचपून पाहायला हवे. इंद्रायणी, बंबाचे वाक्य कुठे बसवता येईल ते पाहते.

पेठकर

कल्याणीताई, तुमचा प्रश्न वरच राहिला. आळीतले मुख्य काम भांडी घडवण्याचे आहे, कल्हई करणारा माणूस बहुतेक वेळा वेगळा असतो. तेथे विचारलेत तर त्याचा ठावठिकाणा सांगतील. सगळी पातेली एकदम नेऊ नका, आधी एकच न्या आणि आतली कल्हई तळाला व कडेला सारखी बसली आहे का ते उजेडात फिरवून पाहा. आणि दुपारी जा, म्हणजे आवाजावर अवलंबून राहावे लागणार नाही.

कल्याणी_ब

आभारी आहे. पण आळीच्या तोंडाशी खूण कोणती सांगाल?

पेठकर

कोपऱ्यावर सध्या एक निळी स्कूटर उभी असते.

दूरदेशी

बघा!